४:३ वरून १६:९: ताणलेल्या स्लाइड पुन्हा मूळ आकारात कशा आणायच्या

जुनं सादरीकरण रुंद पडद्यासाठी बदललं की सगळ्यात आधी डोळ्यात खुपतात ती गोल वस्तूंची चित्रं. शाळेचं बोधचिन्ह अंड्यासारखं होतं, माणसांचे चेहरे पसरट दिसतात, घड्याळाची तबकडी लंबगोल होते. मजकूर मात्र बहुतेक वेळा नीटच असतो, त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं की चित्रंच खराब झाली आहेत आणि ती नव्याने शोधून टाकावी लागणार. तसं काही करावं लागत नाही. चित्राची मूळ माहिती फाईलमध्ये जशीच्या तशी असते. बदललेलं असतं ते फक्त त्याला दिलेलं रुंदी-उंचीचं माप, आणि ते कितीने बदललं हेही आधीच ठाऊक असतं. म्हणून अंदाजाने ओढाताण करण्यापेक्षा आकडा टाकून दुरुस्त करणं सोपं पडतं. हा लेख विंडोजवरच्या पॉवरपॉइंटसाठी आहे.

उदाहरण म्हणून एका भूगोलाच्या शिक्षिकेची फाईल घेतो. २२ जुलै २००९ चं खग्रास सूर्यग्रहण सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा अशा पट्ट्यातून दिसणार होतं, तेव्हा त्यांनी मुलांसाठी हे सादरीकरण बनवलं होतं. त्यात ग्रहणाचे फोटो आहेत, सूर्य-चंद्र-पृथ्वीची आकृती आहे, चंद्र सूर्यासमोरून सरकताना दाखवणारी एक हलती स्लाइड आहे, मागे ताऱ्यांनी भरलेलं आकाश आहे आणि प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात शाळेचं गोल बोधचिन्ह आहे. २ ऑगस्ट २०२७ ला पुन्हा ग्रहण आहे, आपल्याकडून खंडग्रास दिसणारं, म्हणून त्यांनी फाईल बाहेर काढली आणि शाळेतल्या जुन्या संगणकावर ती १६:९ करून घेतली. उघडून पाहतात तर सूर्य चेपलेला आणि चंद्रही चेपलेला. ग्रहण शिकवायचं आणि बिंब गोल नाही, हे चालण्यासारखं नव्हतंच.

आधी ठरवा: दोष फाईलचा की पडद्याचा?

हे पाहिल्याशिवाय फाईलला हात लावू नका. एक नवी कोरी स्लाइड घ्या. `Insert` टॅबवर `Shapes` मधून लंबगोल निवडा आणि `Shift` कळ दाबून ठेवून काढा. `Shift` दाबलेलं असलं की नेमकं वर्तुळच निघतं. त्यावर दोनदा टिचकी देऊन रुंदी आणि उंची सारखी आहे ना, तेवढं बघून घ्या.

आता हे वर्तुळ लॅपटॉपवर गोल दिसतंय आणि भिंतीवर लंबगोल दिसतंय, तर फाईलमध्ये काही बिघडलेलं नाही. प्रोजेक्टर किंवा टीव्ही आलेलं चित्र ताणून पडदा भरतोय. प्रोजेक्टरच्या रिमोटवर चित्राचं प्रमाण बदलायचं बटण असतं. ते मूळ प्रमाण राखण्यावर आणा. लॅपटॉप आणि प्रोजेक्टरवर एकच चित्र दाखवायची सोय चालू असेल तर विंडोज दोन्ही पडद्यांना झेपेल असं एकच रिझोल्यूशन निवडतं, आणि तेही एखाद्या पडद्याला न शोभणारं असू शकतं. `Windows` आणि `P` एकत्र दाबून `Extend` निवडलं की दोन्ही पडदे आपापल्या मापात चालतात.

नवीन वर्तुळ दोन्हीकडे गोल आहे आणि जुनी चित्रं दोन्हीकडे चेपलेली आहेत, तर दोष फाईलमध्ये आहे. बाईंच्या बाबतीत हेच निघालं.

१६:९ नावाची दोन मापं

पुढचं सगळं काम या एका गोष्टीवर अवलंबून आहे, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

जुनी चौकोनी स्लाइड २५.४ सेंटीमीटर रुंद आणि १९.०५ सेंटीमीटर उंच असते. पॉवरपॉइंट २०१० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत `Page Setup` मधून १६:९ निवडलं की रुंदी तीच राहायची आणि उंची कापून जवळपास १४.२९ सेंटीमीटर व्हायची. म्हणजे स्लाइड रुंद होत नसे, बुटकी होत असे. आणि स्लाइडवर असलेलं सगळं त्याच प्रमाणात वरून खाली दाबलं जायचं. २०१३ पासून पद्धत बदलली. आता `Widescreen` निवडलं की उंची १९.०५ च राहते आणि रुंदी वाढून ३३.८६७ सेंटीमीटर होते.

दोन्ही मापं १६:९ च आहेत. दोन्हीकडे बिघाड झाला तर तो एकाच प्रमाणात होतो: उंचीच्या तुलनेत रुंदी एक-तृतीयांशाने जास्त. वस्तू बुटकी झाली काय किंवा रुंद झाली काय, डोळ्याला ती सारखीच पसरट दिसते. पण दुरुस्तीला कुठून सुरुवात करायची हे मापावरून ठरतं.

तुमची फाईल कुठल्या मापाची आहे ते पाहायला `Design` टॅबवर उजव्या टोकाला `Slide Size`, त्यात `Custom Slide Size` उघडा. वरच्या यादीत `On-screen Show (16:9)` दिसत असेल आणि उंची १४.२९ च्या आसपास असेल, तर फाईल जुन्या पद्धतीने बदलली गेली आहे. `Widescreen` आणि ३३.८६७ दिसत असेल तर नव्या पद्धतीने. काही न बदलता `Cancel` करून बाहेर या. बाईंच्या फाईलमध्ये उंची १४.२९ होती.

मूळ ४:३ फाईल हाताशी असेल तर

ती आधी शोधा. ईमेलच्या जोडपत्रात, पेनड्राइव्हवर, दुसऱ्या शिक्षकांच्या संगणकावर, कुठेही. मूळ फाईल मिळाली तर बिघडलेल्या फाईलवर एक मिनिटही घालवू नका, कारण मूळ फाईल नव्या आवृत्तीत बदलणं हे बिघडलेली फाईल दुरुस्त करण्यापेक्षा नेहमीच कमी कष्टाचं असतं.

मूळ फाईलची प्रत करा आणि प्रतीवरच काम करा. २०१३ किंवा त्यानंतरच्या पॉवरपॉइंटमध्ये ती उघडा. नावापुढे `Compatibility Mode` दिसत असेल तर फाईल जुन्या `.ppt` प्रकारची आहे, ती `Save As` करून `.pptx` मध्ये साठवा. मग `Design`, `Slide Size`, `Widescreen (16:9)`. कधी कधी पॉवरपॉइंट `Maximize` की `Ensure Fit` असं विचारतं. तो प्रश्न मजकूर नव्या मापात मावणार नाही असं त्याला वाटलं तरच येतो. आला तर `Ensure Fit` घ्या, म्हणजे काही कापलं जात नाही.

आता एकेक स्लाइड डोळ्याखालून घाला. नव्या आवृत्त्या स्लाइडवर ठेवलेले फोटो आणि आकार बऱ्यापैकी सांभाळतात. शीर्षक आणि मजकुराच्या चौकटी नव्या रुंदीप्रमाणे पसरतात आणि तेच व्हायला हवं. एखादी चौकट जुन्याच जागी अडकून बसली असेल तर `Home` टॅबवरचं `Reset` दाबा, ती मांडणीतल्या आपल्या जागी जाते. मात्र त्या चौकटीत हाताने बदललेले अक्षराचे आकार आणि रंगही त्याबरोबर जातात, म्हणून सरसकट सगळ्या स्लाइडवर ते दाबू नका.

एखादी स्लाइड तरीही बिघडलीच, तर तिच्यासाठी खात्रीचा उपाय आहे. मूळ फाईल शेजारी उघडा. तिथे ती स्लाइड आतून उघडून `Ctrl+A` ने त्यावरच्या सगळ्या वस्तू निवडा, `Ctrl+C` करा, आणि नव्या फाईलमध्ये रिकाम्या मांडणीच्या स्लाइडवर चिकटवा. डावीकडच्या पट्टीतली अख्खी स्लाइड उचलू नका. स्लाइड उचलली तर पॉवरपॉइंट तिला पुन्हा नव्या मापात बसवायला बघतं. वस्तू उचलल्या तर त्या आपल्या सेंटीमीटरच्या मापासकट येतात. जुन्या आणि नव्या स्लाइडची उंची १९.०५ च असल्यामुळे खाली-वर सगळं अचूक बसतं आणि सगळी जास्तीची रुंदी उजवीकडे मोकळी राहते. ती मोकळी जागा ८.४६७ सेंटीमीटर भरते, म्हणून सगळं एकदम निवडून ४.२३ सेंटीमीटर उजवीकडे सरकवलं की मजकूर मध्यावर येतो. सरकवताना `Shift` दाबून ठेवा, म्हणजे खाली-वर हलत नाही.

इथे एक मोह टाळा. सगळं निवडून `Align Center` दाबलं तर प्रत्येक वस्तू वेगवेगळी मध्यावर येते आणि सगळ्यांचा एकावर एक ढीग होतो. आधी गट केला तरच ती आज्ञा चालते.

दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहते याचं वाईट वाटून घेऊ नका. माझं मत स्पष्ट आहे: जुनी आकृती मूळ मापात मध्यावर ठेवून बाजूची जागा रिकामी सोडणं, ही ती जागा भरायची म्हणून आकृती ताणण्यापेक्षा केव्हाही चांगली मांडणी आहे. पुढे कधी त्या जागेत दोन ओळींची टीप किंवा छोटा नकाशा टाकता येतो.

बोधचिन्ह आणि मागचं आकाश

या दोन गोष्टी नव्या आवृत्तीतही तपासायलाच हव्यात, कारण त्या स्लाइडवर नसतात. बोधचिन्हावर टिचकी दिली आणि ते निवडलंच गेलं नाही, तर ते मास्टरमध्ये आहे असं समजा. `View` टॅबवर `Slide Master` उघडा. डावीकडे सगळ्यात वरचं मोठं चित्र म्हणजे मास्टर, त्याखालची लहान चित्रं म्हणजे मांडण्या. बोधचिन्ह मास्टरवर असेल तर एकदाच दुरुस्त केलं की सगळीकडे होतं. पण बऱ्याच जुन्या फाईलमध्ये शीर्षकाच्या मांडणीवर वेगळं, मोठं बोधचिन्ह ठेवलेलं असतं, ते वेगळं दुरुस्त करावं लागतं. कसं, ते पुढे सांगतो. काम झालं की `Close Master View`.

मागच्या चित्राचं गणित निराळं आहे. पार्श्वभूमीचं चित्र स्लाइड भरण्यासाठीच ताणलं जातं. बाईंचं आकाशाचं चित्र १०२४ गुणिले ७६८ पिक्सेलचं होतं, म्हणजे नेमकं ४:३. ते १६:९ मध्ये भरलं की तारे आडवे ओढल्यासारखे दिसतात. चित्राचं प्रमाण राखून स्लाइड भरायची असेल तर चित्राचा वरचा-खालचा थोडा भाग स्लाइडबाहेर जाऊ द्यावा लागतो.

स्लाइडच्या मोकळ्या जागी उजवी टिचकी द्या, `Format Background` निवडा. `Picture or texture fill` खाली `Tile picture as texture` ची खूण काढलेली असू द्या. मग `Offset left` आणि `Offset right` शून्य ठेवा, आणि `Offset top` व `Offset bottom` या दोन्हींत `-17%` लिहा. वजा चिन्ह महत्त्वाचं आहे, त्याने चित्र स्लाइडच्या कडेबाहेर वाढतं. नेमका आकडा १६.६७ आहे, पण १७ ने डोळ्याला फरक कळत नाही. तारे पुन्हा ठिपक्यासारखे झाले की झालं.

सगळ्या स्लाइडना हेच हवं असेल तर `Apply to All`. पण बाईंच्या फाईलमध्ये खग्रास स्थितीची एक पूर्ण काळी स्लाइड होती. `Apply to All` दाबलं असतं तर तिथेही आकाश येऊन बसलं असतं. अशी वेगळ्या पार्श्वभूमीची स्लाइड तुमच्याकडे असेल तर हा बदल मास्टरमध्ये जाऊन करा.

मूळ फाईल हरवली असेल तर

बाईंना मूळ फाईल मिळाली, पण त्यातल्या दोन स्लाइड त्यांनी नंतर बिघडलेल्या फाईलमध्ये वाढवल्या होत्या, त्यात जुने चेपलेले फोटोच पुन्हा वापरलेले. त्या दोन स्लाइड हातानेच सरळ कराव्या लागल्या. पद्धत अशी.

फोटो निवडा, उजवी टिचकी, `Size and Position`. उजवीकडे पट्टी उघडते. त्यात `Scale Height` आणि `Scale Width` असे दोन आकडे दिसतात. मूळ चित्राच्या तुलनेत उंची किती टक्के आणि रुंदी किती टक्के आहे, ते हे आकडे सांगतात. न बिघडलेल्या फोटोत दोन्ही सारखे असतात. बाईंच्या हिऱ्याच्या अंगठीच्या फोटोत, म्हणजे खग्रास सुरू होताना सूर्याचा एकच चमकदार बिंदू उरतो त्या क्षणाच्या फोटोत, उंची २७ टक्के होती आणि रुंदी ३६ टक्के. ३६ ला २७ ने भागलं की १.३३ येतात, म्हणजे रुंदी बरोबर एक-तृतीयांशाने जास्त. हीच या बिघाडाची खूण आहे. आकडे ३० आणि ३४ असे काहीतरी निघाले तर ते रूपांतरामुळे नव्हे, कुणीतरी आधीच हाताने ओढल्यामुळे झालेलं आहे.

दुरुस्ती करताना `Lock aspect ratio` ची खूण आधी काढा. मग `Scale Width` मध्ये उंचीचाच आकडा लिहा, इथे `27%`. सूर्य गोल झाला की खूण परत लावा. ही खूण राहून गेली तर पुढच्या वेळी कोपरा धरून ओढतानाही फोटो पुन्हा बिघडू शकतो. नवख्यांची इथे एक नेहमीची गैरसमजूत असते: कोपरा धरून ओढलं की प्रमाण सुधारेल. सुधारत नाही. खूण लावलेली असताना कोपरा धरून ओढलं की आहे ते प्रमाण राखलं जातं, आणि आहे ते प्रमाण चेपलेलं असेल तर चेपलेलाच फोटो लहान-मोठा होतो.

`Reset Picture & Size` ही आज्ञाही आहे आणि ती एका टिचकीत प्रमाण सरळ करते. पण त्याबरोबर फोटोचं कातरलेलं रूप, चौकट, उजेडाचे बदल सगळं जातं आणि फोटो आपल्या पूर्ण आकाराला जाऊन कधी स्लाइडच्या बाहेर पसरतो. कुठलेही बदल न केलेल्या साध्या फोटोला ती ठीक, कातरलेल्या फोटोला नको.

एक अपवाद लक्षात ठेवा. फोनवर आडवा काढलेला फोटो स्लाइडवर ९० अंशांनी फिरवलेला असेल, तर आकडे उलटे दिसतात: उंचीचे टक्के जास्त आणि रुंदीचे कमी. पट्टीतली रुंदी-उंची न फिरवलेल्या चित्राची असते म्हणून तसं होतं. अशा फोटोत मोठा आकडा लहान करायचा, मग तो उंचीचा का असेना.

पॉवरपॉइंटमध्येच काढलेल्या आकारांना मूळ चित्र नसतं, त्यामुळे तुलनेला टक्के मिळत नाहीत. तिथे `Lock aspect ratio` काढून `Scale Width` मध्ये `75%` लिहा, कारण एक-तृतीयांशाने वाढलेली रुंदी पाऊण केली की मूळ मिळते. पण सूर्य, चंद्र, पृथ्वी आणि सावलीचे शंकू असे एकमेकांना टेकलेले आकार एकेक करून पाऊण करू नका. प्रत्येक आकार आपली डावी कड धरून आक्रसतो, मधल्या फटी वाढतात आणि सावलीचं टोक पृथ्वीवर पडायचं ते भलतीकडेच राहतं. सगळे आकार निवडून `Ctrl+G` ने गट करा, मग अख्ख्या गटाला `75%` द्या. आकार आणि त्यांच्यातली अंतरं एकाच हिशेबाने परततात. शेवटी गट सरकवून मध्यावर आणा. गट असल्यामुळे इथे `Align Center` चालेल.

गट करण्याची एक किंमत आहे. गटातल्या आकारांना स्वतंत्रपणे दिलेले हलते परिणाम गट करताच निघून जातात. म्हणून जिथे काही हलतं त्या स्लाइडला गट करू नका.

चंद्र सूर्याच्या पुढे का निघून गेला

हलत्या स्लाइडचा बिघाड नजरेआड राहतो, कारण संपादनाच्या दृश्यात सगळं ठीक दिसतं. बाईंच्या स्लाइडवर चंद्र उजवीकडून येऊन नेमका सूर्यावर थांबायचा. मूळ फाईल नव्या आवृत्तीत `Widescreen` केल्यावर सूर्य गोल, चंद्र गोल, पण सादरीकरण चालवलं की चंद्र सूर्य ओलांडून पलीकडे जाऊन थांबत होता.

कारण असं की हालचालीचा मार्ग पॉवरपॉइंट सेंटीमीटरमध्ये लक्षात ठेवत नाही. तो स्लाइडच्या रुंदीचा आणि उंचीचा अमुक भाग अशा रूपात नोंदवलेला असतो. स्लाइड एक-तृतीयांशाने रुंद झाली की आडवा मार्गही तितकाच लांबतो. गोल फिरणारा मार्ग असेल तर तो लंबगोल होतो.

`Animations` टॅबवर जा, चंद्र निवडा, त्याचा मार्ग तुटक रेषेने दिसेल. सुरुवातीला हिरवं टोक असतं आणि शेवटी लाल. मार्गावर टिचकी दिली की चंद्राची फिकट छाया शेवटच्या टोकाशी दिसते. लाल टोक धरून, `Shift` दाबून, ती छाया सूर्यावर नीट बसेपर्यंत आत ओढा. मग `Shift+F5` ने तीच स्लाइड चालवून पाहा. ज्या ज्या स्लाइडवर असा मार्ग आहे ती प्रत्येक चालवूनच तपासावी लागते, नुसती बघून कळत नाही.

मजकूर वाचतो, पण सगळाच नाही

चौकटीत टाइप केलेली अक्षरं ताणली जात नाहीत. चौकट रुंद होते, ओळी वेगळ्या जागी मोडतात, फार तर अक्षरं लहान होतात. पण आपल्याकडच्या जुन्या मराठी सादरीकरणांत एक खास अडचण असते. युनिकोड सर्वत्र रुळायच्या आधी दुसऱ्या संगणकावर मराठी फाँट नसेल या भीतीने कित्येकांनी मजकूराचं चित्र करूनच स्लाइडवर चिकटवलेलं आहे. ते चित्र आहे, म्हणून ते फोटोसारखंच पसरतं आणि वेलांट्या-उकार आडवे फताडे दिसतात. शब्दावर टिचकी देऊन त्यात कर्सर येत नसेल तर तो मजकूर नव्हे, चित्र आहे. त्याला फोटोचीच दुरुस्ती लावा किंवा वेळ असेल तर तेवढ्या ओळी युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून टाका. मी तर टाइप करायलाच सांगेन, कारण जुनं चित्र मोठ्या पडद्यावर धूसरही दिसतं.

एक्सेलमधून आत बसवलेले तक्ते आणि जुन्या समीकरण-संपादकातली समीकरणंही पडद्यावर चित्र म्हणूनच उमटतात, तीही अशीच पसरतात आणि तशीच सरळ होतात. पॉवरपॉइंटमध्येच तयार केलेला वर्तुळालेख मात्र गोलच राहतो. तो लंबगोल दिसला तर समजा की कुणीतरी त्याचं चित्र करून चिकटवलंय.

रूपांतर करायलाच हवं का?

हे सुरू करण्याआधी ज्या खोलीत सादरीकरण दाखवायचं तिथला पडदा कसला आहे ते विचारून घ्या. अनेक शाळांत आणि सभागृहांत अजून १०२४ गुणिले ७६८ चे प्रोजेक्टर आहेत, ते मुळातच ४:३ आहेत. १६:९ ची फाईल त्यांवर लावली की वर-खाली काळे पट्टे येतात आणि चित्र पडद्याच्या तीन-चतुर्थांश उंचीतच मावतं. म्हणजे एवढी खटपट करून सूर्य आधीपेक्षा लहान. उलट ४:३ ची फाईल रुंद टीव्हीवर लावली तर डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे येतात, पण उंची पूर्ण मिळते आणि काहीही ताणलं जात नाही. ग्रहणासारख्या विषयाला, जिथे मागचा पडदा तसाही काळा शोभतो, ते पट्टे खुपतसुद्धा नाहीत. बाईंच्या शाळेत नवा रुंद टीव्ही बसला होता, म्हणून त्यांनी रूपांतर पूर्ण केलं. तालुक्याच्या कार्यक्रमाला जुनाच प्रोजेक्टर असणार होता, तिथे त्यांनी २००९ ची ४:३ फाईल, फक्त तारीख बदलून, तशीच नेली.